डावीकडे म्हटलेलं, उजवीकडे ठरलेलं

तिच्या कार्यालयात तिला 'चाळणी' म्हणत. हे नाव शिपायाने ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की साहेबसुद्धा कधी कधी चुकून 'अहो चाळणीबाई' म्हणून हाक मारत आणि मग उगाच खोकत. तिला राग येत नसे. "बरोबरच आहे," ती म्हणायची, "चाळते म्हणजे काय वाईट करते?"

नववी-दहावीत ती माझ्या वर्गात होती, मी मराठी शिकवायचो. दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. निबंध फार साधे लिहायची, पण सारांशलेखनात तिच्यासारखी मुलगी मला पुढच्या वीस वर्षांत दिसली नाही. उतारा दिला की बाकीची मुलं त्यात आपल्याला आवडलेलं वाक्य उचलत. ही आधी उतारा पालथा ठेवून दोन मिनिटं गप्प बसायची आणि मग लिहायची. एकदा मी उताऱ्यात मुद्दाम एक खोटी गोष्ट घातली होती. सगळ्यांनी ती दुरुस्त करून लिहिली, हिने जशीच्या तशी लिहिली. विचारलं तर म्हणाली, "सर, उताऱ्यात तसंच आहे. चूक उताऱ्याची आहे, माझी कशाला करू?" मी तिला दहापैकी दहा दिले होते. तेव्हा मला फार आनंद झाला होता, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

तिची नोकरी होती चौकशी मंडळाच्या कार्यालयात. सरकारी नोकरांवर ठपका आला की त्यांची सुनावणी तिथे होते. तीन माणसं पुढे बसतात, मधले अध्यक्ष. एका बाजूला खात्याचा वकील, दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर ठपका आहे तो, आणि कोपऱ्यात तिवईवर कॅमेरा. पूर्वी लघुलेखक असायचा. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्याने जे टिपलं त्याचा सारांश करायला ही आली. तीन-चार तासांचं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही. वरच्या माणसांना दोन पानं लागतात. ती दोन पानं हिची.

तिची पद्धत तिने स्वतः बसवली होती. रेकॉर्डिंग ती तीनदा चालवायची. पहिल्यांदा पडद्यावर पुठ्ठा लावून नुसतं ऐकायची, कारण चेहरे दिसले की माणूस बाजू घेतो असं तिचं म्हणणं. दुसऱ्यांदा चित्रासकट, कोण बोललं याची खात्री करायला. तिसऱ्यांदा फक्त अध्यक्षांचं बोलणं, तेवढ्याच जागा शोधून. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'काय म्हटलं गेलं', उजवीकडे 'काय ठरलं', आणि प्रत्येक ओळीपुढे तास, मिनिटं, सेकंद, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने ती जागा उघडून ऐकावी.

उजव्या रकान्यात एखादी ओळ जायची तर ती तीन प्रश्न विचारायची. बोलणाऱ्याला ते ठरवण्याचा अधिकार आहे का? त्याने ते निर्देश म्हणून, नोंदवायला सांगून म्हटलं का? आणि त्यामुळे कोणाला काही करावं लागणार आहे किंवा थांबवावं लागणार आहे का, कधीपर्यंत? तिन्हींना 'हो' आलं नाही तर वाक्य डावीकडे. मग ते अध्यक्षांचं असो की कोणाचं.

डाव्या रकान्यात एकच क्रियापद. 'म्हणाले' किंवा 'म्हणाल्या'. 'कबूल केलं' नाही, 'आरोप केला' नाही, 'टाळाटाळ केली' तर नाहीच. शब्द नीट ऐकू आला नाही तर अंदाज नाही. 'अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत ऐकू येत नाही', बस्स. एकदा एका वकिलाने येऊन तिच्या टेबलावर हात आपटला होता.

"मी चाळीस मिनिटं बोललो. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात?"

"मुद्दा एकच होता, साहेब."

"एकच?"

"एकच. सात वेळा होता. सातही वेळा वेळ लिहिलीय बघा पुढे."

शिपाई आठवडाभर हे सगळ्यांना सांगत फिरत होता.

ती, तिची आई आणि मी एकाच इमारतीत राहतो. त्या दोघी तळमजल्यावर, मी वर. आईला साखरेचा त्रास, रोज सकाळी इंजेक्शन लागतं. ते द्यायला सिस्टर यायच्या. सिस्टर मागच्या गल्लीतल्या, मोठ्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या विभागात परिचारिका. त्यांचं नाव गल्लीत कोणी घेत नसे, सगळ्यांच्या त्या सिस्टर. कामावर जाताना वाटेत थांबून इंजेक्शन द्यायच्या आणि पैसे घ्यायच्या नाहीत. "आजींच्या हातचा चहा मिळतो, तोच पगार," म्हणायच्या. त्यांचा हात इतका हलका की चाळणीची आई म्हणायची, "टोचलं का गं? मी अजून डोळे मिटून बसलेय."

मग दवाखान्यात ते झालं. पाच वर्षांच्या एका मुलाला एकाच औषधाचा डोस दोनदा गेला. मूल दोन दिवस अत्यवस्थ होतं, मग सावरलं, घरी गेलं. दुसरा डोस सिस्टरांनी दिला होता. त्यांचं म्हणणं, आधीच्या पाळीतल्या परिचारिकेने पहिला डोस दिला पण तक्त्यावर लिहिलाच नाही, नंतर गडबड झाल्यावर लिहिला. औषधांच्या कपाटाची वेगळी वही असते, त्यात कोणी किती वाजता कुपी काढली हे लिहितात. त्या वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर सगळं दिसेल. सिस्टरांना निलंबित केलं आणि प्रकरण मंडळाकडे आलं.

चाळणीने पहिल्याच दिवशी साहेबांना लेखी दिलं: 'सदर कर्मचारी माझ्या आईस रोज इंजेक्शन देतात, तरी हे काम दुसऱ्यास द्यावे.' साहेब म्हणजे तिथले नोंदणी अधिकारी, सारांशावर सही त्यांची असते. त्यांनी कागद बघून विचारलं, "दुसरा आहे कोण?" आणि खाली लिहिलं, 'हरकत नाही.' तेवढ्या दोन शब्दांनी तिला मोकळं केलं नाही, उलट बांधून टाकलं. आता कोणी म्हणू नये की हिने ओळखीपोटी झुकतं माप दिलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने आईला बजावलं, "सिस्टर आल्या की त्या विषयावर चकार शब्द नाही. तूही काढायचा नाही."

"मी काय काढते? ती बोलेल ना."

"बोलल्या तर ऐकायचं."

सोमवारी सुनावणी झाली. संध्याकाळी सिस्टर हसत आल्या. त्यांचा नवरा बस चालवतो, तोही मागे उभा होता, मान खाली पण चेहरा उजळलेला. सिस्टरांनी आमच्या जिन्यातच सांगून टाकलं, "सर, सुटले! अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला दिसतंय. असंच म्हणाले. माझे तर डोळेच भरून आले." मीही खूश झालो. खोटं कशाला सांगू, मी त्यांना वर बोलावून चहा दिला आणि म्हणालो, सत्य टिकतं. मला काय ठाऊक.

चाळणीने मंगळवारी पुठ्ठा लावून रेकॉर्डिंग ऐकलं. बुधवारी पुठ्ठा काढून पाहिलं.

दोन तास सत्तेचाळीस मिनिटांवर अध्यक्ष म्हणतात, "तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला दिसतंय." सिस्टर रडायला लागतात. नवरा उठतो, त्यांच्या पाठीवर हात ठेवतो, पेल्यात पाणी ओततो. अध्यक्ष कागद चाळतात. मग दोन तास एक्कावन्न मिनिटं चाळीस सेकंदांवर ते त्याच सुरात, मान वर न करता सांगतात: "नोंदवून घ्या. कर्मचाऱ्याने कपाटाच्या वहीतल्या संबंधित पानाची प्रत आणि लेखी म्हणणं आजपासून चौदा दिवसांत दाखल करावं. न केल्यास उपलब्ध कागदांवरून निर्णय होईल. निकाल राखून ठेवला आहे. निलंबन तोपर्यंत चालू." हे सगळं वीस सेकंदांत. या वीस सेकंदांत पडद्यावर सिस्टर पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पीत आहेत आणि नवरा त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतोय. दोघांपैकी एकाचीही मान अध्यक्षांकडे नाही.

चाळणीने ती वीस सेकंदं पाच वेळा पाहिली.

'हेतू वाईट नव्हता' हे डावीकडे गेलं. अधिकार होता, पण नोंदवायला सांगितलं नव्हतं आणि त्याने कोणाला काही करायचं नव्हतं. चौदा दिवस उजवीकडे. 'निर्देश उभय पक्षांच्या उपस्थितीत दिला', ही ठरलेली ओळही उजवीकडे, ती नेहमीच असते. आणि मग तिने त्या ओळीखाली कंसात आणखी एक ओळ लिहिली: 'या वेळी कर्मचारी पाणी पीत असताना दिसतात.'

गुरुवारी साहेबांनी मसुदा पाहिला. लाल पेन त्या ओळीवर थांबलं.

"बाई, पाणी पिणं हा मुद्दा आहे का?"

"दिसतंय, साहेब. मी फक्त दिसतंय तेवढंच लिहिलंय."

"खात्याच्या वकिलाने तीन वेळा नाक पुसलं. ते लिहिलंत?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग? हे लिहिलं की वाचणारा म्हणेल, बाईंना सांगायचंय काहीतरी. तुम्हीच शिकवता ना नवीन पोरांना, कंसात घुसून बाजू घ्यायची नाही म्हणून?"

हे तिचंच वाक्य होतं. शब्दाला शब्द. दुसऱ्या कोणी ती ओळ लिहिली असती तर तिनेच खोडली असती, आणि ते तिला माहीत होतं. तिने साहेबांच्या हातून पेन घेतलं आणि ओळ स्वतः खोडली.

"मग निदान ठरलेला भाग आजच दोन्हीकडे पाठवू या, साहेब. मुदत चालू झालीय."

"दोन्ही पक्ष हजर होते. कानात बोळे घातले होते का? सारांश सहीने जातो, तसाच जाईल. ठेवा, वाचून सही करतो."

शुक्रवारी साहेब रजेवर गेले. मुलीच्या लग्नाची बोलणी होती. नऊ दिवसांची रजा, मसुदा त्यांच्या खणात, खणाची किल्ली त्यांच्या खिशात. त्यांचं काम दुसऱ्या कोणाकडे दिलेलं नव्हतं.

इकडे सिस्टर रोज सकाळी सव्वासातला येत होत्या. निलंबित असल्या तरी त्या इंजेक्शनची वेळ चुकवत नव्हत्या. आता घाईही नसायची. निवांत बसायच्या, चहा प्यायच्या, आजींचे पाय बघायच्या.

"ताई, तुम्ही ऐकलं असेल ना सगळं रेकॉर्डिंग? काय म्हणाले अध्यक्ष, सांगा आजींना."

"मला त्यावर बोलता येत नाही, सिस्टर."

"अहो, चांगलंच तर आहे. हेतू वाईट नव्हता म्हणाले."

"असं म्हणाले."

"म्हणाले म्हणजे झालंच की."

चाळणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "रेकॉर्डिंगची प्रत मिळते. तुम्ही अर्ज केलात तर चार दिवसांत देतात. प्रत्येकाला मिळते, कोणालाही सांगते मी हे."

"मला कशाला? मी होते ना तिथे! परत बघायचं म्हणजे परत रडायचं."

"तरी करून ठेवा अर्ज."

आई हसायला लागली. "हिला काही विचारा, अर्ज करा म्हणते. लहानपणी मी विचारायची, भूक लागली का गं? तर म्हणायची, अजून ठरलं नाही."

सिस्टर इतक्या हसल्या की चहा सांडला. त्यांनी अर्ज केला नाही. दुसऱ्या दिवशी चाळणीने पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही ना, लग्नाच्या मांडवातही पावती मागाल."

बाराव्या दिवशी, शनिवारी, ती वर माझ्याकडे आली. मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. तिने कोणाचं नाव घेतलं नाही, प्रकरण सांगितलं नाही. तिला ते सांगता येत नव्हतं आणि मलाही तेव्हा काही जोडता आलं नाही.

"सर, सारांशात आपलं काही घालायचं नाही, असं तुम्ही शिकवलंत."

"हो."

"आणि सारांशाच्या बाहेर?"

"म्हणजे?"

"म्हणजे एखाद्याने उतारा वाचताना एक ओळ गाळली आणि मला ते दिसलं. माझं काम उताऱ्याचा सारांश करायचं. त्याला सांगायचं माझं काम नाही. सांगितलं तर दुसरा पक्ष म्हणेल, ही त्याची माणूस."

मी झारी खाली ठेवली. मला वाटलं, पोरीला तत्त्वाचा प्रश्न पडलाय. मी म्हणालो, "रेघ तू आखलीस. तीच तू ओलांडलीस तर उद्या तुझ्या कागदावर विश्वास कोण ठेवेल?"

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली आणि जिना उतरली. मी उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. माझं वाक्य मला आवडलं होतं.

सोमवारी मुदत संपली. त्या दिवशी सकाळीही सिस्टर आल्या होत्या. आईने मला नंतर सांगितलं, "त्या दिवशी ही दारात अशी उभी, जसं काही कोणाचं देणं राहिलंय. सिस्टर चपला घालत होती तर ही म्हणाली, सिस्टर, थांबा. ती थांबली. मग ही म्हणाली, छत्री राहिली तुमची." छत्री खरंच राहिली होती.

त्याच दिवशी साहेब रजेवरून आले, दुपारी सही झाली, दुसऱ्या दिवशी टपालात पडलं. सिस्टरांना लिफाफा गुरुवारी मिळाला, सतराव्या दिवशी.

शुक्रवारी सकाळी त्या सव्वासातलाच आल्या. लिफाफा हातात होता. आधी हात धुतले. कुपी उजेडात धरून औषध ओढलं, हवा काढली, इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरला. आजींना म्हणाल्या, "दोन मिनिटं चोळू नका." मग सुई डब्यात टाकली आणि वळल्या.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"कधी?"

"बुधवारी. दोन दिवसांनी."

"दोन दिवसांनी." सिस्टर स्टुलावर बसल्या. "ते पान माझ्या मैत्रिणीकडे तयार होतं, ताई. तिने मोबाईलवर फोटोसुद्धा काढून ठेवला होता. मीच तिला म्हणाले, आता नको गं, झालं सगळं, उगाच त्या दुसरीला कशाला अडकवायचं. मी रोज या घरात येत होते."

"हो."

"आणि तुम्ही मला अर्ज करा म्हणालात."

"त्यापुढे मला बोलता येत नव्हतं."

"येत होतं. तुम्ही न बोलायचं ठरवलंत." सिस्टरांचा आवाज चढला नव्हता. आई सांगते, तेच फार वाईट होतं. "हे कुठल्या बाजूला लिहिता तुम्ही? डावीकडे की उजवीकडे?"

चाळणीने पुढे होऊन आईच्या दंडावरचा कापूस धरला.

सिस्टरांनी त्याच दिवशी उशिरा दाखल करून घेण्याचा अर्ज केला, पानाची प्रत जोडली. मंडळाने तो फेटाळला. कारण एका ओळीचं होतं: निर्देश उभय पक्षांच्या उपस्थितीत दिला गेल्याचे सारांशावरून स्पष्ट आहे. महिन्याभराने निकाल आला, सेवेतून कमी. निकालातही लिहिलं होतं की कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नसल्याचं मत अध्यक्षांनी व्यक्त केलं होतं. परंतु मत म्हणजे निर्णय नव्हे. आधीच्या पाळीतल्या परिचारिकेच्या तक्त्यावरची नोंद ग्राह्य धरली, कारण तिच्याविरुद्ध कागद नव्हता.

सिस्टर अपिलात गेल्या. त्यांच्या बाजूने संघटनेचा एक म्हातारा कार्यकर्ता उभा राहिला. तो वारंवार म्हणाला, रेकॉर्डिंग लावा, ती वीस सेकंदं बघा, बाई रडत होती, पाणी पीत होती, तिच्या कानावर काही गेलं नाही. हे मला त्याच्याच तोंडून कळलं, कारण तो माझ्याबरोबर सकाळी फिरायला येतो. अपिलाच्या माणसांनी रेकॉर्डिंग लावलं नाही. त्यांनी लिहिलं की सारांश इतका स्पष्ट, संतुलित आणि वेळेच्या नोंदींसह आहे की चित्रफीत पाहण्याची आवश्यकता भासत नाही. अपील फेटाळलं. आणि खाली वेगळ्या परिच्छेदात, असे सारांश सर्व मंडळांनी नमुना म्हणून वापरावेत, अशी शिफारस केली.

तो कागद साहेबांनी फलकावर लावला. पेढे आणायला शिपायाला पाठवलं. शिपाई परत आला तर चाळणी जागेवर नव्हती. ती मागच्या खोलीत पुठ्ठा लावून दुसऱ्या कोणाची तरी सुनावणी ऐकत होती. शिपाई पेढा घेऊन दारात उभा राहिला. "चाळणीबाई, तुमचं कौतुक झालंय."

"कोण म्हणालं?"

"अहो, लेखी आहे."

"मग ठेवा तिथे," ती म्हणाली.

हे सगळं तिने मला दोन वर्षांनी सांगितलं, बागेतल्या बाकावर, तेही तुकड्यातुकड्याने, मध्ये मध्ये वेळ सांगत. दोन तास एक्कावन्न मिनिटं चाळीस सेकंद. शेवटी म्हणाली, "सर, ओळ खोडली ते बरोबर केलं. अजूनही खोडेन. पाणी पिणं म्हणजे न ऐकणं, हा माझा अंदाज होता."

"आणि सांगितलं नाहीस ते?"

तिने बाकाच्या फळीवरचा रंग नखाने खरवडला. "तुम्हाला विचारायला आले होते ना."

तिने ते तक्रारीने म्हटलं नाही. मला त्यानंतर बराच वेळ झारी, कुंड्या आणि माझं ते वाक्य दिसत राहिलं. तिला हवी होती ती परवानगी, आणि मी तिला एक सुविचार दिला होता, फळ्यावर लिहितात तसला.

अपील फेटाळल्यापासून तिने एक गोष्ट लावून धरली होती. साहेबांकडे सोळा अर्ज केले. सुनावणी संपली की खोली सोडायच्या आधी, ठरलेलं तेवढं एका चिठ्ठीवर, तारखेसकट, दोन्ही पक्षांना वाचून दाखवायचं, हातात द्यायचं आणि सही घ्यायची. बाकीचा सारांश मागून येऊ दे. साहेब म्हणाले, वेळ जातो. ती म्हणाली, चार मिनिटं जातात, मोजली आहेत. सतराव्या अर्जाला साहेब कंटाळले आणि 'हो' म्हणाले. आता ती स्वतः चिठ्ठी घेऊन उभी राहते. समोरचा माणूस रडत असेल तर थांबते. पाणी पीत असेल तर पेला खाली ठेवेपर्यंत थांबते. मग वाचते. मग विचारते, "काय करायचंय तुम्हाला, आणि कधीपर्यंत? सांगा मला." त्याने सांगितल्याशिवाय सही घेत नाही. शिपाई म्हणतो, चाळणीबाईंनी सुनावणीची शाळा केली.

सिस्टरांना हे माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्या आता एका म्हाताऱ्या जोडप्याकडे दिवसभर असतात, त्यांना न्हाऊमाखू घालतात. गल्लीत दिसल्या की माझ्याशी बोलतात, माझा रक्तदाब विचारतात. चाळणी समोरून आली तर दोघीही वाट देतात. दोघीही इतकी वाट देतात की मधून गाडी जाईल.

त्या शुक्रवारनंतरही सिस्टर चार दिवस इंजेक्शन द्यायला येत होत्या. एक शब्द न बोलता यायच्या, द्यायच्या, जायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी चाळणीला सुई धरायला शिकवलं, किती अंशात, कुठे चिमटीत धरायचं, जागा रोज कशी बदलायची. नीट शिकवलं, दोनदा करून घेतलं. आणि मग यायच्या थांबल्या.

आता चाळणीच देते. तिचा हात जड आहे. दोन वर्षं झाली तरी जडच आहे. आई 'आई गं' म्हणते आणि वर माझ्यापर्यंत ऐकू येतं, रोज सकाळी सव्वासातला. आईला आता जुनं आठवतं, नवं राहत नाही. ती दंड चोळत विचारते, "सिस्टर कधी येणार गं?"

"चोळू नकोस, आई. दोन मिनिटं."

"येते म्हणाली होती ना?"

"नाही," चाळणी म्हणते, "तसं म्हणाल्या नव्हत्या." आणि कापूस धरून उभी राहते.